जाहिरात बातमीच्या वेशात छापू नका: मराठी संपादकांना आणि जाहिरात व्यवस्थापकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिके, साप्ताहिके आणि वृत्त-संकेतस्थळांचे संपादक, प्रकाशक व जाहिरात व्यवस्थापक यांस

स. न. वि. वि.

आम्ही उपसंपादन, पानमांडणी, जाहिरात शेड्युलिंग आणि वेब डेस्क या कामांतली माणसं आहोत. पैसे घेऊन छापलेला मजकूर वाचकाला बातमी वाटू नये, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र आहे. जाहिराती घेऊ नका, असं आम्ही म्हणत नाही. पाच-सात रुपयांच्या अंकाचा कागद, छपाई आणि वाटप विक्रीच्या पैशांतून निघत नाही, हे आपल्याइतकंच आम्हालाही ठाऊक आहे. लेखाच्या रूपातली जाहिरात छापायलाही आमची हरकत नाही. आपल्यापैकी अनेकजण तिच्यावर काहीतरी खूणही करता. पण ती खूण पानाच्या कोपऱ्यात किंवा संकेतस्थळाच्या टेम्प्लेटमध्ये असते, मजकुराच्या अंगात नसते. मजकूर पानावरून हलला की खूण गळून पडते, आणि पुढे जे फिरतं ते आपल्या मास्टहेडच्या नावावर बातमी म्हणून फिरतं.

खूण नसली की काय होतं, हे महाराष्ट्राने एकदा पाहिलं आहे. ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या आधी तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं कौतुक करणारी पानंच्या पानं काही मराठी दैनिकांत आली. त्यांवर ‘जाहिरात’ असा शब्द नव्हता. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिलं की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन दैनिकांत एकच लेख शब्दशः छापला गेला होता. निवडणूक खर्चाच्या हिशोबात मात्र वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये दाखवले होते. पैसे दिल्याचा आरोप चव्हाण यांनी नाकारला. प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं. उमेदवाराच्या हिशोबाचा खरेपणा तपासायचा अधिकार आयोगाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये सांगितलं. जुलैमध्ये आयोगाने चव्हाण यांच्या विरोधात आदेश काढला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. निकाल कोणाच्या बाजूने लागला, हा आमचा मुद्दा नाही. ती पानं बातमी होती की जाहिरात, या प्रश्नाभोवती जवळपास पाच वर्षं वाद चालला आणि पानावर त्याचं उत्तर देणारा एकही शब्द नव्हता. मतदारापुढे मतदानाच्या दिवशी तेच कोरं पान होतं.

निवडणुका पाच वर्षांनी येतात. रोजचा प्रश्न घरांच्या, दवाखान्यांच्या आणि क्लासेसच्या मजकुराचा आहे. त्यातलं एकच उदाहरण आम्ही टप्प्याटप्प्याने मांडतो. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातला प्रत्येक टप्पा आपल्या कार्यालयात घडणारा आहे.

समजा, पुण्याजवळच्या एका गृहप्रकल्पाची रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापायची लेखी मागणी किंवा आरओ, आली. चार कॉलम रुंद, २५ सेंटीमीटर उंच, म्हणजे १०० कॉलम सेंटीमीटर. मजकूर बिल्डरच्या एजन्सीने लिहिलेला आहे. मथळा ‘रिंगरोडमुळे परिसराचा कायापालट’ असा. पहिल्या दोन परिच्छेदांत रस्ता, पाणी, आयटी पार्क यांची माहिती आणि तिसऱ्या परिच्छेदात प्रकल्पाचं नाव. आरओच्या शेऱ्याच्या रकान्यात जाहिरात प्रतिनिधीने लिहिलेलं असतं : ‘न्यूज फॉरमॅट’. पान लावणारा त्या दोन शब्दांप्रमाणे वागतो. बातमीचाच फॉन्ट, बातमीच्याच कॉलमची रुंदी, वर ‘पुणे : प्रतिनिधी’, आणि खाली उजव्या कोपऱ्यात सहा पॉइंटमध्ये, राखाडी रंगात ‘इम्पॅक्ट फीचर’.

आता हे पान वाचकाच्या नजरेने पाहा. पहिला दोष शब्दाचा. ‘इम्पॅक्ट फीचर’, ‘ब्रँड कनेक्ट’, ‘मीडिया इनिशिएटिव्ह’ हे शब्द जाहिरात खात्यातल्या माणसांना कळतात. मराठी दैनिकाचा वाचक त्यांतून ‘याचे पैसे कोणीतरी दिले आहेत’ असा अर्थ काढत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०१५ च्या मार्गदर्शिकेत ‘प्रमोटेड’सारखे शब्द संदिग्ध ठरवले आणि सरळ ‘जाहिरात’ म्हणा असं सुचवलं, तेही इंग्रजी वाचणाऱ्या वाचकांसाठी. मराठी पानावर मराठीच शब्द हवा, आणि तो ‘जाहिरात’ हाच हवा. त्यापुढे पैसे देणाऱ्याचं नाव असावं. आम्ही सुचवतो ते वाक्य असं : ‘जाहिरात. या मजकुरासाठी (कंपनीचं नाव) यांनी पैसे दिले आहेत. तो आमच्या संपादकीय विभागाने लिहिलेला नाही.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच छापा. मजकूर आपल्याच वार्ताहराने लिहून दिला असेल, तर मुळात तो त्याच्याकडून लिहून घेणंच चूक आहे.

दुसरा दोष आकाराचा. भारतीय प्रेस परिषदेच्या, म्हणजे प्रेस कौन्सिलच्या, आचारसंहितेत याचं माप दिलेलं आहे. जाहिरात आणि जाहिरातवजा लेख यांवर तसं लिहिलेलं असावं आणि त्या अक्षरांचा आकार त्या पानावरच्या उपमथळ्याइतका असावा, असं ती सांगते. आपल्या पानावर मूळ मजकूर नऊ-दहा पॉइंटमध्ये आणि उपमथळा अठरा पॉइंटमध्ये असेल, तर ‘जाहिरात’ हा शब्दही अठरा पॉइंटमध्ये यायला हवा. सहा पॉइंट म्हणजे त्याच्या एक तृतीयांश. शिवाय राखाडी रंग वेगळा घात करतो. न्यूजप्रिंटवर राखाडी म्हणजे काळ्या शाईचे सुटे ठिपके. सहा पॉइंटच्या देवनागरीत वेलांट्या, मात्रा, रफार केसाइतके बारीक असतात. ते ठिपक्यांत तुटतात आणि कागद शाई शोषतो तेव्हा उरलेले डाग एकमेकांत मिसळतात. संगणकाच्या पडद्यावर स्वच्छ दिसलेली खूण छापून आल्यावर वाचता येत नाही. म्हणून खूण नेहमी शंभर टक्के काळ्यात हवी आणि तिच्याखाली रंगीत पट्टी नको.

तिसरा दोष जागेचा, आणि याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे प्रामाणिक संपादकांचाही अंदाज चुकतो. खूण पानाच्या अगदी वर टाकली की काम झालं, असं वाटतं. जॉर्जिया विद्यापीठातले बार्टोश वोयडिन्स्की आणि नेथनियल इव्हान्स यांनी संकेतस्थळावरच्या अशा लेखांवर प्रयोग केले आणि ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या एका प्रयोगात २४२ जणांपैकी अवघ्या १७ जणांना आपण वाचलं ती जाहिरात होती हे ओळखता आलं. नजर कुठे जाते हे टिपणाऱ्या यंत्रावर असं दिसलं की मथळ्याच्या वर, सगळ्यात टोकाला असलेली खूण मजकुराच्या मध्ये असलेल्या खुणेपेक्षा कमी जणांच्या नजरेस पडते. वाचक सरळ मथळ्यावर येतो आणि तिथून खाली जातो. त्याच्या वरचं काही तो मागे वळून वाचत नाही. म्हणून आमची विनंती दोन ठिकाणांची आहे. एक, मथळ्याच्या ओळीतच, मथळ्याचा पहिला शब्द म्हणून : ‘जाहिरात : रिंगरोडमुळे परिसराचा कायापालट’. दोन, पहिल्या आणि दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्ये वरचं पूर्ण वाक्य, चौकटीत. मजकूर दोन पानांवर गेला असेल तर दुसऱ्या पानावरही हेच. चार पानी पुरवणी असेल तर चारही पानांवर. फक्त पहिल्या पानाच्या मास्टहेडखाली एकदा लिहून भागत नाही, कारण घरात पुरवणीची पानं सुटी होतात.

चौथा दोष पोशाखाचा. खूण योग्य असली तरी ‘प्रतिनिधी’ ही बायलाइन आणि गावाची डेटलाइन वाचकाला उलटं सांगत राहतात. प्रतिनिधी म्हणजे आपला पगारी किंवा मानधनावरचा वार्ताहर तिथे गेला, त्याने विचारपूस केली, असा त्याचा अर्थ होतो. इथे कोणी गेलेलं नाही. तेव्हा बायलाइन नाही, डेटलाइन नाही, ‘व्यापार प्रतिनिधी’ किंवा ‘वा. प्र.’ हेही नाही. फॉन्ट वेगळा, कॉलमची रुंदी वेगळी आणि चारही बाजूंनी किमान एक पॉइंटची रेघ. एजन्सी म्हणेल, रेघ नको, ती ‘जाहिरातीसारखी’ दिसते. तेव्हा उत्तर एवढंच द्यावं लागेल की ती जाहिरातच आहे.

या उदाहरणात वाचकाचं नुकसान नेमकं काय होतं, तेही सांगतो. स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजे रेराच्या, कलम ११ प्रमाणे गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता द्यावाच लागतो. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणी आणि प्रगती ग्राहकाला दिसते. आपल्या १०० कॉलम सेंटीमीटरच्या ‘बातमी’त यांतलं काहीच नसतं, कारण बातमीत क्यूआर कोड शोभत नाही. म्हणजे बातमीचा वेश घातल्यामुळे ग्राहकाला पडताळणीचं साधनच मिळत नाही. पुढे कलम १२ आहे. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यावी, असं ते सांगतं. कायद्यातली जाहिरातीची व्याख्या रुंद आहे, तिच्यात कोणत्याही स्वरूपातली प्रसिद्धी येते. पण कात्रणावर ‘प्रतिनिधी’ लिहिलेलं असेल, तर ‘ते आम्ही लिहिलंच नव्हतं, पेपरवाल्यांनी छापलं’ असं म्हणायला बिल्डर मोकळा होतो, आणि ग्राहकाला आधी ती जाहिरात होती हे सिद्ध करत बसावं लागतं. ही पळवाट आपण आपल्या पानावर तयार करून देता.

दवाखान्यांच्या मजकुराचं मूळही असंच आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक नियमांनुसार डॉक्टरांनी किंवा संस्थांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे रुग्ण ओढणं अनैतिक ठरतं. उघड जाहिरात केली तर हा नियम आडवा येतो, म्हणून ‘गुडघेदुखीवर नवी आशा’ अशी मुलाखत हवी असते. एखादा जाहिरातदार मुलाखतीच्या स्वरूपासाठीच हट्ट धरत असेल, तर त्याला जाहिरात म्हणून काय छापता येत नाही, हे आधी तपासा.

आता हाच मजकूर छापील पानावरून पुढे निघतो. पहिला थांबा ई-पेपर. तिथे पानावर प्रत्येक बातमीभोवती एक चौकट आखली जाते, म्हणजे वाचकाने टिचकी मारली की तेवढंच कात्रण उघडतं. हे काम रात्री घाईत होतं आणि चौकट मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत आखली जाते. कोपऱ्यातलं ‘इम्पॅक्ट फीचर’ तिच्या बाहेर राहतं. कात्रणाच्या डोक्यावर मात्र आपलं नाव, तारीख, आवृत्ती आपोआप उमटते. बिल्डरचा सेल्समन तेच कात्रण व्हॉट्सॲपवर पाठवतो : ‘पेपरमध्ये आलंय बघा.’ तपासायचं सोपं आहे. आपल्याच ई-पेपरवरून गेल्या महिन्यातली अशी दहा कात्रणं काढा आणि किती कात्रणांत खूण दिसते ते मोजा. मथळ्यातच ‘जाहिरात’ असेल तर चौकट कशीही आखली तरी शब्द आत येतो, म्हणूनही आम्ही मथळ्याचा आग्रह धरतो.

दुसरा थांबा संकेतस्थळ. इथे बहुतेक ठिकाणी सीएमएसमध्ये, म्हणजे लेख चढवायच्या प्रणालीत, ‘स्पॉन्सर्ड’ असा विभाग किंवा टॅग असतो आणि त्यामुळे लेखाच्या पानावर एक छोटी पट्टी दिसते. पण वाचक लेखाच्या पानावर येतो तो कुठून तरी. मुखपृष्ठावरच्या कार्डात ती पट्टी नसते. ‘हेही वाचा’च्या यादीत नसते. मोबाइलवरच्या नोटिफिकेशनमध्ये नसते. फेसबुक किंवा व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की दिसणाऱ्या चित्रात आणि मथळ्यातही नसते, कारण तिथे जातं ते `og:title`, `og:image` यांसारख्या टॅगमधलं, पट्टी नाही. दोन-तीन वर्षांनी सीएमएस बदलला की जुन्या टेम्प्लेटबरोबर पट्टीच नाहीशी होते आणि जुने सगळे सशुल्क लेख एका रात्रीत बातम्या होऊन बसतात. यावर उपाय वेब डेस्क आणि तंत्रज्ञ मिळून अर्ध्या दिवसात करू शकतात. शब्द थेट मथळ्यात आणि लेखाच्या पहिल्या ओळीत टाका, आणि पानाच्या कोडमध्ये एवढं असू द्या :

```html
<title>जाहिरात: रिंगरोडमुळे परिसराचा कायापालट</title>
<meta property="og:title" content="जाहिरात: रिंगरोडमुळे परिसराचा कायापालट">
<script type="application/ld+json">
{"@context":"https://schema.org",
 "@type":"AdvertiserContentArticle",
 "headline":"जाहिरात: रिंगरोडमुळे परिसराचा कायापालट"}
</script>
<a href="https://example.com" rel="sponsored">प्रकल्पाची माहिती</a>
```

`AdvertiserContentArticle` हा प्रकार अशाच मजकुरासाठी आहे. बहुतेक सीएमएस प्रत्येक लेखाला आपोआप `NewsArticle` लावतात, तो इथे बदलावा लागतो. `rel="sponsored"` ही खूण गुगलने २०१९ मध्ये सुरू केली. पैशांच्या बदल्यात दिलेल्या दुव्यावर ती किंवा जुनी `nofollow` नसेल, तर गुगलच्या नियमांत तो विकलेला दुवा धरला जातो आणि त्याची किंमत पूर्ण संकेतस्थळाला शोधात मागे पडून मोजावी लागू शकते. याशिवाय असे लेख बातम्यांच्या साइटमॅपमधून आणि ‘हेही वाचा’च्या आपोआप बनणाऱ्या यादीतून वगळा, त्यांचं नोटिफिकेशन पाठवू नका, आणि लेखकाच्या रकान्यात ‘वेब टीम’ किंवा ‘ऑनलाइन डेस्क’ न टाकता पैसे देणाऱ्याचं नाव टाका. चित्रावरही ‘जाहिरात’ हा शब्द छापूनच ते चढवा, कारण शेअर झालेल्या लिंकमध्ये बहुतेकांची नजर आधी चित्रावर जाते.

यूट्यूबवरच्या जिल्हा वाहिन्यांसाठी थोडक्यात. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या सशुल्क व्हिडिओंसाठी माप दिलं आहे. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत खूण किमान तीन सेकंद, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, त्याहून मोठ्या व्हिडिओत ज्या भागात त्या मालाची प्रसिद्धी आहे तो पूर्ण भाग. मुलाखत हातात बूम घेऊन, बातमीच्याच संगीतासह होत असेल, तर निवेदकाने तोंडानेही सांगितलं पाहिजे. स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्याला पडद्यावरची पट्टी दिसत नाही.

या सगळ्यात एक प्रकार असा आहे की त्याला कोणतंही लेबल पुरत नाही. आरओ अर्ध्या पानाच्या उघड जाहिरातीची असते आणि सोबत तोंडी ठरतं की उद्घाटनाची बातमी तीन कॉलम येईल. त्या बातमीचं वेगळं बिल होत नाही, म्हणून कोणी तिला जाहिरात म्हणत नाही. पण तिची किंमत पॅकेजमध्ये धरलेली असते. हे ओळखायची एक जागा आहे : जाहिरात खात्याकडून संपादकीय विभागाकडे येणारे निरोप. ‘ही लावा, क्लायंट आहे’ हा फोन आला की ती बातमी राहत नाही. असा प्रत्येक निरोप लेखी मागवा, आरओ क्रमांकासह. लेखी यायला लागले की त्यांतले बरेच येणं बंद होईल. जे येतील ते चौकटीत, ‘जाहिरात’ या शब्दाखाली जातील किंवा बातमीच्या गुणवत्तेवर, कोणाच्या सांगण्याशिवाय, जातील.

तालुक्याच्या पातळीवर हे अधिक अवघड आहे आणि तो दोष तालुका वार्ताहराचा नाही. त्याचं मानधन नगण्य, आणि पुरवणीच्या जाहिराती आणल्या तर कमिशन. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी तोच आणतो, तोच लिहितो आणि दुसऱ्या दिवशी त्याच पुढाऱ्याच्या नगरपालिकेची बातमीही त्यानेच द्यायची असते. ही दोन कामं दोन माणसांकडे देणं परवडत नसेल, तर निदान ज्याची जाहिरात त्याने आणली त्याच्याविषयीची बातमी मुख्यालयातल्या उपसंपादकाने स्वतः फोन करून तपासावी. शुभेच्छांच्या पुरवणीतला जीवनपट हा जाहिरातच असतो, तेव्हा त्याच्यावरही तसंच लिहावं. निवडणूक आचारसंहितेच्या काळात तर उमेदवाराच्या हिशोबात तो धरला जाणार की नाही, हे त्या एका शब्दावर ठरू शकतं.

आपण म्हणाल, आम्ही लेबल लावलं तर जाहिरात शेजारच्या पेपरला जाईल. ही भीती खरी आहे, आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच हे पत्र एका दैनिकाला न लिहिता सगळ्यांना लिहिलं आहे. एका जिल्ह्यातल्या चार-पाच दैनिकांच्या जाहिरात व्यवस्थापकांनी एकच शब्द, एकच आकार, एकच जागा ठरवली, तर जाहिरातदाराला दुसरीकडे जाऊन काही मिळत नाही. शिवाय आता धोका जाहिरातदारालाही आहे, हे त्याला सांगता येईल. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या ‘डार्क पॅटर्न’विषयक मार्गदर्शक तत्त्वांत १३ प्रकार आहेत. त्यांतला एक नेमका हाच : वृत्तलेखाच्या किंवा तत्सम मजकुराच्या रूपात लपवलेली जाहिरात. ही तत्त्वं ऑनलाइन व्यवहारांसाठी आहेत आणि मजकूर जाहिरात आहे हे उघड करायची जबाबदारी ती जाहिरातदारावरही टाकतात. छापील असो वा ऑनलाइन, जाहिरात दिशाभूल करणारी ठरली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कलम २१ ची ही तरतूद प्रकाशकालाही लागू होऊ शकते. प्रेस कौन्सिलकडे दंडाचा अधिकार नाही. ती समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते, आणि तेही फक्त वृत्तपत्रं, वृत्तसंस्था आणि त्यांच्या संपादक-पत्रकारांवर. त्यामुळे आजवर कोणी हे फार मनावर घेतलं नाही. ग्राहक कायद्याचं तसं नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वाचक स्वतः तक्रार करू शकतो.

लेबल लावल्याने खोटा दावा खरा होत नाही, हेही लक्षात असावं. ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ हे जाहिरातीतही खोटं छापता येत नाही. लेबल फक्त एवढंच करतं की दावा कोणाचा आहे ते वाचकाला कळतं आणि तो कितपत मानायचा हे त्याला ठरवता येतं.

अंमलबजावणीसाठी आमची सूचना अशी. अंतिम शब्द संपादकाचा असावा. जाहिरात व्यवस्थापकाने आरओ स्वीकारताना ‘न्यूज फॉरमॅट’ हा शेरा लिहिणंच बंद करावं आणि आरओच्या छापील नमुन्यात ‘मथळ्याआधी “जाहिरात” असा शब्द छापला जाईल’ ही अट टाकावी, म्हणजे रात्री दहा वाजता एजन्सीशी वाद होणार नाही. पान छापायला सोडण्याआधी कार्यालयातल्या पण विभागाबाहेरच्या पाच जणांना, शिपाई, लेखापाल, स्वागतकक्षातल्या ताई, ते पाच-सात सेकंद दाखवा आणि झाकून विचारा : हे कोणी लिहिलं? पैसे कोणी दिले? पाचांतल्या एकाने जरी ‘आपल्या वार्ताहराने’ असं उत्तर दिलं, तर पान पुन्हा लावा. संपादकीय विभागातल्या माणसांवर ही चाचणी करू नका. त्यांना खूण कुठे असते ते आधीच माहीत असतं.

चूक झालीच, खूण राहून गेली, तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, त्याच जागी चौकट छापा : काल या पानावर आलेला अमुक मथळ्याचा मजकूर जाहिरात होती आणि तिचे पैसे अमुक यांनी दिले होते. ई-पेपरमधलं कात्रण त्याच दिवशी दुरुस्त करा, संकेतस्थळावरचा मथळा बदला, आणि फेसबुकवरची जुनी पोस्ट तशीच न ठेवता बदललेल्या मथळ्यासह पुन्हा टाका.

गृहप्रकल्पांचा सर्वाधिक मजकूर दसरा-दिवाळीला आणि गुढीपाडव्याला येतो. येत्या दसऱ्याच्या पुरवणीपासून सुरुवात करा, आणि तिच्या पहिल्या पानावर आपण सशुल्क मजकुरावर कोणता शब्द, किती पॉइंटमध्ये आणि कुठे छापता, ते चार ओळींत लिहा. सोबत एक दूरध्वनी क्रमांक द्या, म्हणजे खूण दिसली नाही तर वाचकाला तो लावता येईल.

आपले,
उपसंपादन, पानमांडणी, जाहिरात शेड्युलिंग व वेब डेस्कवर काम करणारे काही मराठी पत्रकार आणि तंत्रज्ञ